सुचेतासाठी पेजर

४ जानेवारी १९९८
सुचेताने अट घातली. डॉक्टरकडे चल, नाहीतर मी पुण्याला चालले. बायकोचं मन मोडू नये म्हणून हो म्हटलं. प्रॉब्लेम तिचाच आहे. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी कुठे जातेस, केव्हा येतेस एवढं विचारलं की फणकारते. मी संशयी मुळीच नाही. काळजी करतो. संकल्प: तिच्या ऑफिसात दिवसाला तीनच फोन.

९ जानेवारी
मानसोपचारतज्ज्ञ डॉ. कस्तुरींचं क्लिनिक, बंगळूरचं जयनगर. भलामोठा फॉर्म, प्रत्येक वाक्याला एक ते सहा मार्क. जवळची माणसं सोडून जातील अशी भीती वाटते: सहा. कुणी दुरावतंय वाटलं की मी आणखी चिकटतो: सहा. त्या भागात जवळजवळ पैकीच्या पैकी! मॅडम मात्र खूश दिसल्या नाहीत.

१६ जानेवारी
मॅडमनी लहानपण उकरलं. चार वर्षांचा होतो, आई क्षयानं मिरजेच्या सॅनिटोरियममध्ये गेली. मला कुणी सांगितलं नाही. शालनमावशी रोज म्हणायची, संध्याकाळी येईल हं. दोन वर्षं रोज संध्याकाळी फाटकाशी उभा. त्यात काय एवढं?

मॅडम म्हणाल्या, तिथेच स्कीमा, म्हणजे मनाचा साचा, बसला: आपलं माणूस टिकत नाही. मोठेपणी माणूस सगळं त्यातूनच बघतो, आणि त्या भीतीपुढे तीन तऱ्हांनी वागतो. शरण जाऊन नेमका सोडून जाणाराच जोडीदार निवडतो. किंवा जवळीकच टाळतो. किंवा उलट अंगावर जाऊन समोरच्याला इतका आवळतो की तो पळूनच जातो. मी विचारलं, यातला तिसरा प्रकार सुचेतामध्ये कितपत दिसतो? मॅडम पाणी प्यायल्या.

२ फेब्रुवारी
सुचेताच्या वाढदिवसाला पेजर घेतला! आता ऑफिसात फोन नकोत. संकल्प पाळला की नाही?

५ फेब्रुवारी
पेजरवर ‘कुठे आहेस’ अकरा वेळा. मेसेज घेणाऱ्या ऑपरेटर बाईंनी अकराव्यांदा विचारलं, सर, घरी सगळं ठीक ना? कमाल आहे, बाईंना काय करायचंय!

१३ फेब्रुवारी
मॅडमनी डोळे मिटायला लावले. फाटकाजवळचा तो मुलगा दिसला. मग म्हणाल्या, आता मी त्या चित्रात येते. त्याच्याशेजारी बसून त्यांनी त्याला सांगितलं, आई आजारी आहे, यात तुझी काही चूक नाही. डोळे पुसले. क्लिनिकात धूळ फार.

खिशात ठेवायला कार्ड लिहून दिलं: ‘आत्ता मी घाबरलोय. ही जुनी भीती आहे. सुचेताला उशीर झाला म्हणजे ती गेली असं नाही. पुरावा: दोन वर्षं ती रोज घरी आली आहे. म्हणून फोन न करता थांबेन.’ छान आहे. लॅमिनेट केलं.

२७ फेब्रुवारी
सुचेताचं हैदराबादला ट्रेनिंग, सहा आठवडे. नाचत घरी आली. म्हणाली, यासाठी तीन वर्षं राबले रे मल्हार. मी अभिनंदन केलं. बाथरूममध्ये कार्ड सात वेळा वाचलं. त्यात हैदराबादचा उल्लेखच नाही.

२ मार्च
शेवटी केलं. तिचे साहेब बसवंतप्पा, त्यांना फोन करून सांगितलं की घरची अडचण आहे, सुचेता येऊ शकणार नाही, बिचारी सांगायला लाजते. ते कानडीत म्हणाले, सरी, म्हणजे ठीक आहे, दुसऱ्या कुणाला पाठवतो. तिच्याच भल्यासाठी. मला रात्री झोप नाही, पण ती उत्साहामुळे.

६ मार्च
मॅडमना सांगितलं. वाटलं, निदान प्रामाणिकपणाची दाद मिळेल. त्या म्हणाल्या, फाटकाजवळच्या त्या पोराची भीती मला कळते. पण फोन बत्तीस वर्षांच्या माणसानं केला, आणि ज्या गोष्टीची भीती वाटते तीच तो घडवून आणतोय. आज घरी जाऊन सुचेताला सांगा. उद्या साहेबांना सांगा.

संकल्प: सांगणार. रविवारी, तिचा मूड पाहून.

८ मार्च, रविवार
मूड फार चांगला होता. बिघडवावासा वाटला नाही.

९ मार्च
तिला ऑफिसात कळलं. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. शांतपणे बॅग भरली. मी दारात आडवा उभा राहिलो. ती म्हणाली, बाजूला हो. मी विचारलं, परत केव्हा येशील? ती म्हणाली, हैदराबादहून येणारच होते, परतीचं तिकीटसुद्धा काढलं होतं. आता नाही.

१० मार्च
गेली. म्हणजे माझं पहिल्यापासून बरोबर होतं. कार्डावरचा पुरावा आता खोडायला हवा.

विचित्र गोष्ट, छातीतली धडधड थांबली. वर्षानुवर्षांत प्रथमच. संध्याकाळ झाली तरी कुणाची वाट बघायची नाही. अगदी ओळखीचं वाटतंय.

शुक्रवारची अपॉइंटमेंट फोन करून रद्द केली. मॅडम म्हणाल्या, या, मी इथेच आहे. त्याही कधीतरी जाणारच.