आधी कोण म्हणणार

२७ रमजान
आजही एक शब्द नाही. एकच दुकान, दोन इस्त्र्या, मध्ये एक टेबल, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडून निरोप! "त्याला विचारा, शेरवानी झाली का?" मी समोरच उभा. मी गिऱ्हाइकाला म्हटलं, "सांगा, झाली." थोरले बंधू धन्य झाले.
घरी बायको म्हणते, "या ईदेला तुम्हीच आधी म्हणा. धाकटे आहात."
गेल्या ईदेला नमाज संपल्यावर धाकट्यानेच सगळ्यांदेखत हात पुढे केला होता ना! "ईद मुबारक, भाईजान." साहेब मान खाली घालून चपला शोधत राहिले. का? तर मी वाफेची इस्त्री त्यांना न विचारता घेतली! समोरच्याने आधी म्हटलं की 'खैर मुबारक' म्हणायचं, एवढं तर पोरांनाही कळतं. गळाभेट राहू द्या, दोन शब्द तरी!
लागलं मला. अजून लागतंय.

२८ रमजान
बायकोचा नवा तोडगा: 'तकब्बलल्लाहु मिन्ना व मिनकुम' म्हणा. अल्लाह आमच्याकडून आणि तुमच्याकडून कबूल करो. उत्तरालाही तेच परत म्हणतात, म्हणजे आधी कोण म्हणालं याचा गवगवा होत नाही!
वा! पण आधी कुणीतरी तोंड उघडायला हवं की नको? ते अरबीतही सुटलेलं नाही.

२९ रमजान
चांद दिसला नाही. एक दिवस सुटलो!

३० रमजान
उद्या ईद. सुटका नाही. दिवे लागल्यावर अरबी डॉक्टरीणबाई कपडे न्यायला आल्या. आम्हा दोघांकडे बघून म्हणाल्या, "कुल्लु आम व अंतुम बिखैर!" दरवर्षी तुम्ही सगळे सुखात असा. 'सगळे' म्हणजे आम्ही दोघं! बाईंना काय कल्पना.
माझ्या तोंडून सवयीने "खैर मुबारक" निघालं. भाईजानने मात्र ऐटीत "व अंति बिखैर" म्हटलं. तुम्हीही सुखात असा, आणि तेही बाईमाणसाला म्हणतात तसं, बिनचूक. परकीला लगेच उत्तर! म्हणजे जीभ जागेवर आहे तर.
बाई गेल्यावर माझ्याकडे बघत राहिला. बघ म्हटलं. बघायला कुठे मना आहे?

ईद
नमाज झाली. मी तोंड शिवून चपला शोधत होतो. खांद्यावर हात पडला.
"खैर मुबारक."
भाईजान! मी म्हटलं, "मी कुठे काय बोललो?"
"गेल्या वर्षी बोलला होतास." त्याने हात पुढे केला. "आता या वर्षीचं. ईद मुबारक. तू गप्प राहिलास तरी चालेल."
मी गप्पच राहिलो. रडू आवरल्यावर म्हटलं.