चांदणी घातलेलं एरोग्राम

श्रीरामपूर
२ डिसेंबर १९७०

प्रिय सारा,

हे पत्र तुला पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते.

इंग्लंडला नर्स म्हणून जाऊन महिनाही झाला नाही, तोच तू लिहिलंस, "इथं रविवारी कोणी हाकसुद्धा मारत नाही." मी लगेच नाताळच्या शुभेच्छा लिहिल्या: गाणी बसवतोय, तुझी जागा रिकामी आहे, तुझी आई रडते. विमानाने जाणाऱ्या त्या पातळ निळ्या एरोग्रामच्या घडीत सोनेरी कागदाची चांदणी घातली आणि कडा चिकटवल्या.

पोस्टातल्या बाबूंनी चाचपून परत दिलं. "आत काही घातलं की हे विमानानं जात नाही, बाई. बोटीनं फेब्रुवारीत पोचेल."

घरी फोडून वाचलं आणि देवाचे आभार मानले. असल्या शुभेच्छा वाचून तू उशीत तोंड खुपसून रडली असतीस.

नव्या एरोग्रामवर चारच ओळी लिहिल्या. "नाताळ सुखाचा जावो. करंज्यांना मोहन किती घालायचं? तुझ्यावाचून अडलंय. लगेच कळव." जायला आठ-दहा दिवस, यायला तेवढेच, नाताळआधी उत्तर येईल.

मोहन किती घालायचं ते मला ठाऊक आहे गं. पण तुझं माप आल्याशिवाय इथं रवा भिजणार नाही.

तुझी, आज जीव भांड्यात पडलेली,
मार्था