मामंजींच्या फोटोखालच्या दोन ओळी

चिक्कडपल्ली, हैदराबाद

ती. सौ. भामावन्संच्या चरणी योगिनीचा नमस्कार, वि. वि.

नांदेडचं ऊन तुम्हाला सोसवतंय ना, गुडघा कसा आहे आणि भाऊजींचं गोड खाणं डॉक्टरांच्या हुकमात आहे की स्वतःच्या, हे आधी विचारते. आम्ही सगळे ठीक. ‘ठीक’ हा शब्द मी फार विचार करून निवडला आहे, कारण गेला महिनाभर या घरात शब्द निवडण्याखेरीज दुसरं काही चाललेलं नाही.

रविवारी मामंजींचं वर्षश्राद्ध. फोटो फ्रेम करून भिंतीवर लावायचा, त्याखाली नाव, जन्म, निधन आणि दोन ओळी. किती सोपं वाटतं! (मलाही वाटलं होतं. संस्कृत शिकवून केस पिकले, दोन ओळींना काय घाबरायचं?) फोटो निवडताना भांडण झालंच नाही, कारण मामंजी कॅमेऱ्याकडे रागाने बघत नाहीत असा एकच फोटो आहे, तो माझ्या आणि विक्रमच्या लग्नातला. त्यातून मला कापून काढलंय. माझ्या खांद्याचा थोडा शालू उरला होता, तोही सुलतान बाजारातल्या फ्रेमवाल्या नरसिंगरावांनी कॉम्प्युटरवर पुसून टाकला. जन्मतारीख एक जून, म्हणजे शाळामास्तरांच्या मर्जीने. निधनाला तारीख की तिथी, यावर दोन दिवस गेले; शेवटी तारीख फोटोवर आणि तिथी पत्रिकेवर, असा तह झाला.

मग ओळी. पहिली ओळ विक्रमने मोबाइलमधून शोधून आणली: ‘आमचा आधारवड’. सासूबाईंनी चष्मा पुसून वाचली आणि म्हणाल्या, “आधारवड? भिंतीत खिळा ठोकायचा तर मी शेजारच्या हिम्मतरावांच्या पोराला हाका मारायचे.” वड तिथेच उन्मळला.

नंतर तुम्ही पाठवलेली कविता. वन्सं, राग मानू नका, कविता चांगलीच आहे, पण ती आठ ओळींची. नरसिंगरावांचं म्हणणं असं, की फोटोखाली पांढरी पट्टी चार बोटांची. तिच्यात नाव, तारखा आणि दोन ओळी मावतात. तिसरी घातली की अक्षर बारीक होतं, चौथी घातली की पट्टी वाढते आणि चेहरा वर सरकून कपाळ कापलं जातं. (“मॅडम, आठ लाइन रक्खे तो साब का फोटो पासपोर्ट साइज हो जाता.”) तरी मी त्यातल्या दोनच ओळी काढून सासूबाईंना वाचून दाखवल्या, त्या ‘शांत वृत्ती, गोड वाणी’ असलेल्या. त्या म्हणाल्या, “हे दुसऱ्या कुणाचं आलंय. पत्ता चुकला असेल.” पाण्याच्या टँकरवाल्याशी मामंजींची वाणी तुम्ही ऐकली आहे, त्यामुळे अधिक लिहीत नाही.

आता माझी पाळी. मी रीतसर अनुष्टुभ रचला, अक्षरं मोजून:

गतोऽपि न गतो लोके स्मृतौ तिष्ठति यः सदा।

अर्थ सांगितला, की गेले तरी गेले नाहीत, आठवणीत कायम आहेत. सासूबाई म्हणाल्या, “गेलेच नाहीत, तर रविवारी जेवण कुणाचं घालतोय?” या आक्षेपाला कुठल्याही टीकाकाराकडे उत्तर नाही. शिवाय त्या म्हणाल्या, ते जन्मभर तुझ्या संस्कृतला घाबरून गच्चीवर जायचे, आता भिंतीवरून उठून कुठे जातील? (वन्सं, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. मला वाटे ते तुळशीला पाणी घालायला जातात.)

असं करत काल आला. नरसिंगरावांनी निक्षून सांगितलं, की मजकूर आज पक्का झाला तरच शनिवारी फ्रेम मिळेल; छपाई, मागे पुठ्ठा चिकटवणं, मग काच. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवू नका, त्यांच्या मशिनीत जोडाक्षरं फुटतात, म्हणून समोर बसून तपासा. तेव्हा विक्रम, आमची लेक सायली, मी आणि ‘मीही येते’ म्हणालेल्या सासूबाई, अशी वरात एका ऑटोतून सुलतान बाजारात. दुकानात भिंतभर दुसऱ्यांची माणसं हार घालून बसलेली, आणि प्रत्येकाखाली शांत वृत्ती, गोड वाणी. एकालाही टँकर लागला नसावा. विक्रम घड्याळ बघतोय. सायली (मराठी वाचताना तिची गाडी प्रत्येक वेलांटीला थांबते) पडद्यावरचं नाव लावून वाचतेय. खाली पट्टी कोरीच.

“लिहा,” सासूबाई म्हणाल्या. “पोचलात की फोन करा.”

मला वाटलं त्या कुणाला तरी निरोप देतायत. पण त्या पडद्याकडे बघत होत्या. ते वाक्य मामंजींचं, तुम्हाला सांगायला नको. तुम्ही नांदेडला निघा किंवा मी कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला, दारात उभं राहून तेवढंच म्हणायचे.

“आई, अगं लोक हसतील,” विक्रम म्हणाला.

“हसू देत. वर्षभर घरात कोण हसलंय?” मग फ्रेमच्या नमुन्यांवरून बोट फिरवत, “अॅम्ब्युलन्स निघाली तेव्हा सगळे दवाखान्याच्या फायली शोधत होतो. त्यांना कुणी म्हटलंच नाही.”

विक्रम बाहेर जाऊन उभा राहिला. नरसिंगरावांनी विचारलं, “अम्मा, ये कौनसे संत का है?” सासूबाई म्हणाल्या, “हमारे घर का है. मोठं लिख.” जागा भरपूर होती, कपाळही शाबूत राहिलं.

वन्सं, इथून पुढे माझी काळजी. रविवारी शंभरेक पानं उठणार. कुकटपल्लीचे चुलत सासरे येणार, गुरुजी येणार, माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका येणार. त्या वाचतील आणि म्हणतील, संस्कृतच्या बाईंच्या घरात हे? तुम्हाला वाटेल, तुमची कविता मुद्दाम डावलली. मी रात्री दोनदा उठून पाणी प्यायले. सकाळी बाजारात जाऊन चंदनाचा लांब हार आणला. मापाने आणला: खिळ्यापासून सोडला की मधला गोंडा बरोबर त्या ओळीवर बसतो. नाव दिसतं, तारखा दिसतात, ओळ झाकते. सासूबाईंचं मन राहील, आपली अब्रू राहील. हीच युक्ती तुम्हाला कळवावी म्हणून हे पत्र.

शनिवारी दुपारपर्यंत या. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ आठ ओळींवरून दोन ओळींवर आणू नका.

तुमची,
योगिनी

ता. क. सासूबाईंना तुमच्या कवितेबद्दल फोनवर काही विचारू नका. ती त्यांनी घडी करून उशीखाली ठेवली आहे. आवडली नाही असं त्या म्हणाल्या नव्हत्या, फक्त पत्ता चुकला म्हणाल्या.

ता. ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आत फ्रेम आली, सांगितल्याच्या तीन दिवस आधी. खिळ्यावर लावून लांब हार घालून पाहिला. माप चोख आहे. तेवढ्यात सासूबाई आल्या, त्यांनी बोटाने गोंडा बाजूला सारून ओळ वाचली आणि पुन्हा सोडून दिला. दिवसभरात त्यांनी हे कितीदा केलं ते मोजवेना. हार मी परत करून आले. तुमच्याकडे देवळापाशी मोगऱ्याचे आखूड हार मिळतात ना, तसा एक आणा. हनुवटीच्या खाली येता कामा नये.

आणि निघताना कळवा. परत निघालात की पोचल्यावर फोन करायचं तुम्हाला इथे आता भिंतच सांगेल.