लांबून मारलेली हाक

तीर्थरूप अप्पांना मंजुषाचे शरणु,

इकडे लीड्सला आम्ही तिघं मजेत आहोत. थंडी लई आहे, पण घर उबदार आहे. अव्वाचा गुडघा कसा आहे? लातुरात पाणी रोज येतं का?

त्या दिवशी ईश्वरी फोनवर नुसतं ‘हॅलो’ म्हणाली आणि तुम्ही, ‘आजोबाला असं परक्यावानी बोलतात का?’ म्हणून फोन ठेवलात. तीन आठवडे झाले, तुम्ही उचलत न्हाई. पोरगी रडली, म्हणून मी त्या शब्दाचं मूळ शोधलं. हॅलो म्हणजे लांबच्या माणसाचं लक्ष वेधायला मारलेली हाक. टेलिफोन निघाला तेव्हा त्याच्या संशोधकाला ‘अहॉय’ ही खलाशांची हाक हवी होती, पण लोकांच्या तोंडी हॅलोच बसलं. अप्पा, पोरगी लांबून तुम्हाला हाकच मारत होती.

मग तिला नमस्ते शिकवलं. ‘नमस्’ म्हणजे वंदन, ‘ते’ म्हणजे तुला. तर म्हणते, “आजोबांना ‘तुला’ कसं म्हणू?” मग तेही राहिलं.

अव्वा सांगते, तुम्ही दुकानात गिऱ्हाइकांना नमस्ते म्हणायला लागलात, तेव्हा आज्जा रुसले होते. त्यांना आपलं पिढीजात ‘शरणु’च पाहिजे होतं. त्यांचा रुसवा किती दिवस टिकला?

रविवारी दुपारी ईश्वरी फोन करील. ती ‘शरणार्थी’ म्हणायला शिकली आहे. पण ते ‘शरणु’ला द्यायचं उत्तर आहे, अप्पा. त्याच्याआधी कुणीतरी ‘शरणु’ म्हणावं लागतं.

तुमची लाडकी,
मंजुषा