वाटीचं तोंड

२ मार्च १९७५, रविवार
निषेध! माझ्या नव्या कोऱ्या वहाणा आज भरदिवसा कापण्यात आल्या. भोरच्या बाजारातून आणलेल्या, म्हशीच्या जाड तळाच्या, जगबुडीच्याही आधीच्या. वर्षभर ट्रंकेत जपल्या होत्या – पुणं पुन्हा सुरू झालं की कचेरीत घालून जायला. बौद्धवस्तीतल्या बनाबाईनं तळ वाकवून पाहिला, नखानं दाबला, म्हणाली, "अण्णा, ह्यात पंपाचं दोन वायसर बसत्यात." मी म्हटलं, ह्यात माझे दोन पाय बसतात. "पायाला आता कुठं जायचंय?" दिल्या.

वार आणि तारीख माझ्या हिशेबाने. तपासायला पंचांग नाही, आकाशवाणी नाही, कुणी नाही.

३ मार्च
काल चिडून लिहिलं. आज नीट लिहितो.

बौद्धवस्तीतला हातपंप आटला. म्हणजे पाणी आहे, पंप ते वर आणत नाही. महिनाभर दांडा हलका लागत होता. आधी दहा हिसक्यांत हंडा, मग चाळीस, परवा शंभर हिसक्यांत एक तांब्या. सबंध वाडी त्या एका तोटीवर जगते. गेल्या फाल्गुनात पश्चिमेला दोनदा उजेड झाला आणि नऊ दिवस राख पडली, तेव्हापासून उघडं पाणी विष आहे. धरणाच्या काठी गुरं पाण्यात तोंड घालून तिथंच बसली ती उठली नाहीत. कात्रजपलीकडे गेलेल्या सातांपैकी एकही परतला नाही. उरलं ते एकशेवीस फुटांखालचं, खडकाआडचं पाणी.

रांजण, हंडे, घंगाळी धरून सहा दिवसांचं पाणी शिल्लक.

४ मार्च
पंप कसा चालतो हे वयाच्या एकावन्नाव्या वर्षी आज कळलं! वर्षभर पाणी प्यालो, विचारलं नाही.

सगळं खाली, पाण्यात बुडालेल्या पितळी नळकांड्यात घडतं. त्यात कातड्याच्या दोन वाट्या – हेच ते वायसर – सळईला बांधलेल्या. नळकांड्याच्या तळाला एक झडप, वाट्यांच्या मधल्या तुकड्यात दुसरी. दांडा खाली दाबला की सळई वर येते. वाटीतल्या पाण्याच्या भारानं तिचा काठ फुगून पितळेला चिकटतो आणि वरचं पाणी उचललं जातं. त्याच वेळी तळाची झडप उघडून खालून नवं आत येतं. दांडा सोडला की तळाची झडप मिटते, मधली उघडते, पाणी वाट्यांच्या वर जातं. पुन्हा दांडा. कातडं झिजलं की काठ चिकटत नाही, पाणी कडेनं घसरतं. एवढंच!

बनाबाईचा नवरा सावळाराम बोअरिंगच्या गाडीवर मजूर होता, त्याला पाइपांची जाण. वाट्यांचं ज्ञान मात्र बनाबाईचं. त्र्याहत्तरात दुष्काळी कामात पंप बसला, तेव्हा मिस्त्रीला पाने-पक्कड देत ती शेजारी बसून होती. "समदी फुलं वाहत व्हती, म्या बघत व्हते," म्हणाली.

पंपाच्या उद्घाटनाची बातमी पुण्याच्या दैनिकात मीच दिली होती. भोर-वेल्ह्याचा वार्ताहर ना! 'कार्यक्रम खेळीमेळीत पार पडला.' आमच्या वरच्या आळीतलं कुणी त्या पंपाचा थेंब प्यालं नाही, हे लिहिलं नव्हतं. मीही प्यालो नव्हतो. राख पडल्यावर चौथ्या दिवशी गेलो, तांब्या घेऊन, मान खाली घालून. बनाबाईनं दांडा मारला. तांब्या काठोकाठ भरून दिला. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

५ मार्च
कातडं रात्रभर पाण्यात होतं, आता मऊ. सागाच्या ठोकळ्यात नळकांड्याच्या मापाचं भोक. त्यावर कातड्याची चकती ठेवून लाकडी गुल्ला ठोकून बसवला. गुल्ला भोकापेक्षा कातड्याच्या दोन जाडींएवढा कमी हवा, नाहीतर कातडं फाटतं. माप बनाबाईनं पंप बसला तेव्हाच दोऱ्यानं घेऊन ठेवलं होतं. साच्यातच सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवलं तर कडक होऊन चिरतं.

माझ्या वहाणा वाटीचा आकार घेत आहेत. पुनर्जन्म म्हणायचा.

७ मार्च
आज पाइप वर काढले. तीन वाशांचं तिकाटणं, कप्पी, आणि मानसिंगच्या घरचा मोटेचा नाडा. मानसिंग पाटलांचा, अंगानं रेडा, स्वभावानं कोकरू. सहाजण ओढतात. दहा फूट वर आलं की खालच्या पाइपला लाकडी चाप आवळायचा, चाप बोअरच्या तोंडावर टेकवायचा, मग वरचा पाइप फिरवून काढायचा. आतली सळई दोन पान्यांनी सोडवायची. असं बारा वेळा. चाप सुटला तर उरलेलं सगळं पाताळात. दुसरा पंप कुठून आणणार?

सावळाराम प्रत्येक वेळी चापाला हात लावून सांगे, "धरलं. आता सोडा." तो म्हणेपर्यंत कुणी श्वास सोडत नव्हतं.

जुन्या वाट्या वडाच्या वाळल्या पानासारख्या.

पाइपांचे आटे गंजलेले. त्यांना ताग गुंडाळून वर जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर लागतो, तरच सांधा गळत नाही. शेंदूर मारुतीकडेच! धोंडाबाई – मानसिंगची आजी, देवळाची स्वयंघोषित मालकीण – स्वतः वाटी भरून घेऊन आली. बनाबाई हसली. "आजी, आमी देव सोडला."
"मंग शेंदराला कशाला नाव ठिवतीस? घे! मारुतीला लई थापलाय, त्याला बी हलकं वाटंल."

८ मार्च
वाट्या गरम तेल-चरबीत मुरल्या, भोकं पडली, काठ तासले. बसवताना बनाबाई म्हणाली, "तोंड वर."

मी हरकत घेतली. मिस्त्रीनं टाकलेला पंपाचा कागद माझ्याकडे आहे. अक्षरं उंदरांनी खाल्ली, चित्र उरलं. चित्रात वाटी उपडी. शिवाय म्हटलं, पाणी खालून यायचं, तर तोंड खालीच हवं. उताणा माणूस खालचं पाणी कसा पिणार? दोन श्लोकही म्हटले. त्यांचा वाट्यांशी संबंध नव्हता, पण चाल चांगली होती.

बनाबाई म्हणाली, "म्या बघितलंय, अण्णा." मानसिंग म्हणाला, "अण्णा शिकलेलं हायती." झालं. वाट्या उपड्या बसल्या.

पाणी उद्यापर्यंतचं.

९ मार्च
बारा पाइप खाली उतरले. दांडा मारला. शंभर. दोनशे. मानसिंगचे तळवे फुटले. तोटीतून फक्त हवा, म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखी.

घरी येऊन कागद पुन्हा पाहिला. नळकांड्याची तळझडप खाली हवी. माझ्या हातात ती वर होती. कागद उलटा धरला होता! गीतेचे अठरा अध्याय पाठ असणारा मनुष्य – कागद उलटा. वाटीतल्या पाण्यानं काठ फुगतो हे चार तारखेला ह्याच वहीत मीच लिहिलंय; उपड्या वाटीत पाणी राहणार कसं?

तसाच वस्तीत गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं. धोंडाबाई म्हणाली, "बाबा रं, तुज्या शिक्षणानं आमचा घसा वाळला." बनाबाईनं पाना उचलला. म्हणाली: "अण्णा, सळई तुमी धरा. बघत बी ऱ्हावा."

१० मार्च
पुन्हा बारा पाइप वर. रिकाम्या पोटी, सुक्या तोंडानं. लेकरांना शेवटचं पाणी सकाळी पळीनं दिलं.

सातव्या पाइपला चाप घसरला. बोटभरच. लाकूड शेंदूर-तेलानं निसरडं झालं होतं. सावळारामनं पायाचा अंगठा मध्ये घातला, मानसिंगनं नाडा कमरेला मारून मागं अंग टाकलं. थांबलं. बनाबाईनं राखेची मूठ चापावर मारली – तीच राख! – आणि पुन्हा आवळला. सावळारामचा अंगठा निळा. "नख जाईल, पाइप ऱ्हायला," म्हणाला.

वाट्या फिरवल्या. तोंड वर. दिवस मावळायच्या आत सगळं खाली उतरवलं.

अठ्ठावन्न हिसके. एकोणसाठावा जड लागला. मी दांड्यावर होतो, म्हणून सांगतो: जड लागला! हातात खालून कुणी धरल्यासारखं. मग पाणी – आधी गंजाचं, तेलाचा तवंग असलेलं, मग स्वच्छ. पहिला हंडा बनाबाईनं ओतून टाकला. दुसरा लेकरांना.

धोंडाबाई बनाबाईच्या ओट्यावर बसून तिच्याच तांब्यानं प्याली. मी पाहिलं. पाहिलं, हे तिनंही पाहिलं. "काय बगतोस? तान लागली की जात दिसती व्हय?"

११ मार्च
झोपलो.

१५ मार्च
दांडा जड, नऊ हिसक्यांत हंडा. सावळाराम म्हणतो, हे कातडं सहा महिने, फार तर आठ. म्हणून चांभारकामाचा साचा आता सावळारामच्या ओट्यावर कायमचा. वाडीतल्या सगळ्या जुन्या वहाणा तिथं जमा. कागद बनाबाईकडे दिला, वरच्या कडेला शेंदराची खूण करून.

पंपाशी गप्पा होतात. वर्षभरात आज पहिल्यांदा भांडण ऐकलं – पाळीवरून. बरं वाटलं.

१८ मार्च
दुसऱ्या एका कामाची नोंद राहिली. वरच्या आळीची जुनी विहीर आम्ही सहा महिने उपसतो आहोत: राखेचा गाळ काढला, वर फळ्यांचं झाकण. पाणी तपासायचं काम माझ्याकडे, कारण माझ्याकडे कुलूप आहे. तोरण्यावरच्या झाकल्या खडकटाक्यातले पाच मासे टोपलीतून विहिरीत सोडायचे, रोज पाहायचे. मी शाकाहारी, म्हणून मासे विश्वासाने सोपवले! दोनदा चौथ्या दिवशी मेले. तिसरी खेप पंप आटायच्या आधीपासून आत आहे. गडबडीत पाहायला विसरलो.

मानसिंगनं आज सहज विचारलं, "अण्णा, हीर कवा व्हायची? आपली हीर झाली की मंग खाली वस्तीत जायाला नगं." सहज. काही वाईट मनात नव्हतं त्याच्या.

१९ मार्च
कुलूप काढलं. पाचही जिवंत. चोवीस दिवस. टोपलीत हात घातला तर बोटाला येऊन टोचले.

मासे जगले म्हणजे पाणी निर्विष, असं कुठलं शास्त्र नाही. पण माणसांना शास्त्र लागत नाही, निमित्त लागतं. विहीर हवीच, एका कातड्यावर शंभर जीव ठेवू नयेत, हे मलाही कळतं.

झाकण लावलं. कुलूप घातलं. आयुष्यभर बातम्या दिल्या. ही कुणाला सांगितलेली नाही. पाणी संपेल याची मला भीती नाही. विहीर उघडली की मी स्वतः तांब्या घेऊन कुठे जाईन, हे मला ठाऊक नाही.