मोठा शिष्यपरिवार

प्रिय ताई,

बाबांच्या निधनवार्तेचं कात्रण सोबत पाठवतो आहे. फोटो जरा काळपट आलाय, पण शर्टाच्या खिशातलं पेन दिसतं. आई म्हणाली, पेन दिसलं ना, मग झालं.

तो मजकूर लिहायला आम्हाला अख्खी दुपार लागली. स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती आई, काका, तुझी भावजय आणि मी. काकांना "अनंतात विलीन झाले" हवं होतं. आई म्हणाली, "ते भूमितीचे शिक्षक होते, अनंत म्हणजे काय ते त्यांना नीट माहीत होतं. निधन झालं, एवढंच लिहा." मग वयावरून वाद. काकांच्या मते चालू वर्ष धरायचं, आईच्या मते पूर्ण झालेलं. आईचं राहिलं. "अल्पशा आजाराने" घातलं, कारण ते खरंच होतं. शेवटी नेहमीचं वाक्य, "त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगी, मुलगा, जावई, सून, नातवंडे व मोठा शिष्यपरिवार आहे." या वाक्यावर कुणीच वाद घातला नाही. प्रत्येक शिक्षकाच्या बातमीत ते असतंच, आपणही डोळे न थांबवता पुढे जातो.

वर्तमानपत्राच्या कचेरीत छोट्या जाहिरातींची खिडकी असते. तिथल्या बाईंनी आधी डॉक्टरांचा दाखला आणि माझं ओळखपत्र मागितलं. म्हणाल्या, "काय करणार, लोक चेष्टेत जिवंत माणसांच्याही देऊन जातात." मजकूर दोन स्तंभांत मावेना. त्यांनी सरावाने बाबांच्या पदव्या काढल्या, शाळेचं नाव ठेवलं, शोकसभेची वेळ ठळक केली. मी म्हटलं, शिष्यपरिवार काढला तरी चालेल, जागा वाचेल. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "ते राहू द्या. ते वाचून माणसं येतात." मग छपाईआधी तपासायचं मुद्रित माझ्यापुढे सरकवलं. स्वतःच्या बापाच्या नावातली वेलांटी तपासून मी खाली सही केली.

इंग्रजी मजकूर मात्र मी एकट्याने केला. आत्याच्या मुलांना आणि तुमच्या तिकडे परदेशातल्या बाकी नातेवाइकांना फोनवर कळलं होतं, पण पुढे पाठवायला त्यांना नीट काहीतरी हवं होतं. त्यांच्या मुलांना मराठी वाचता येत नाही. पहिल्याच ओळीत बाबा एकेरी झाले. इंग्रजीत "ते" नाहीच, सगळे "तो". मी इतका वेळ त्या "तो"कडे बघत बसलो की तुझ्या भावजयीने चहा दुसऱ्यांदा गरम केला. तारखेचंही कोडं होतं. इथे बाबा गेले तेव्हा तुमच्याकडे आदला दिवस चालू होता. इथली तारीख ठेवून शोकसभेच्या वेळेपुढे "स्थानिक वेळ" असं घातलं. "पश्चात"ला तिकडे "सर्व्हाइव्ह्ड बाय" म्हणतात. आईने विचारलं, "म्हणजे वाचलेले ना? आपण कशातून वाचलो रे?" आम्ही दोघं हसलो आणि मग आई खिडकीशी जाऊन उभी राहिली.

अडलो ते शिष्यपरिवारापाशी. मराठीत डोळ्यांखालून निसटून जाणारा शब्द इंग्रजीत हलेना. नुसतं "विद्यार्थी" लिहिलं तर परिवार जातो. परिवार लिहायचा तर तो खरा असावा लागतो. शेवटी शब्दाला शब्द ठेवला, "आणि विद्यार्थ्यांचं एक मोठं कुटुंब", आणि मसुदा तुला पाठवला. तुझा फोन आला. "बाकी ठीक आहे, ती ओळ काढ. त्यांचं कुटुंब आपण होतो. शाळेतून उरलेले बाबा आपल्या वाट्याला यायचे. मी काही विचारलं की गप्प बसायचे, मी बोलणंच सोडलं. आता माझ्या मुलांना कुठलं मोठं कुटुंब दाखवू?" मी "बरं" म्हटलं. तू खोटं बोलत नव्हतीस. जेवताना ते ताटावरून उठून वहीकडे जायचे, मीही पाहिलंय.

रविवारी शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. पहिल्या रांगेत घरच्यांच्या खुर्च्या होत्या, तुझी रिकामी ठेवली होती. सभेच्या आधीच एक धिप्पाड माणूस खाकी गणवेशात आत आला, बस चालवतो म्हणाला, ड्युटी बदलून आला होता. कात्रण पुढे करून त्याने आईला विचारलं, "इथं शिष्यपरिवार लिहिलंय. मी भूमितीत दोनदा नापास झालोय. नापास झालेले धरतात का यात?" आई शेजारची खुर्ची दाखवून म्हणाली, "बस इथे." तो बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मग माणसं येतच राहिली. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक भिंतींना टेकून उभे राहिले, मग जिन्यात, मग मैदानात. केस पिकलेले, कडेवर बाळ घेतलेले, डॉक्टर, सुतार, भाजीवाल्या. कुणी काही आणलं नव्हतं, कुणी कुणाला ओळखत नव्हतं. आणि इतकी माणसं असून एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. ताई, हे सगळं आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर इतकी वर्षं होतं आणि मला पत्ता नव्हता.

तो बसवाला हळूच माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "ताई नाही आल्या? प्रश्नवाल्या ताई?" "कसला प्रश्न?" मी विचारलं. मागच्या रांगेतल्या डॉक्टरीणबाई पुढे वाकल्या. "तुम्हाला माहीत नाही? सर दरवर्षी भूमितीचा पहिला तास त्यांच्या प्रश्नाने सुरू करायचे." आणि दोघांनी मिळून, एकमेकांचं वाक्य पुरं करत, मला तो तास सांगितला. बाबा फळ्यावर एक ठिपका काढायचे आणि म्हणायचे, "माझ्या मुलीने चौथीत असताना मला जेवताना विचारलं, बिंदूला लांबीच नसते, तर नुसत्या बिंदूंची रेषा कशी होते? मी ताटावरून उठलो, रात्रभर पुस्तकं काढली. तिला पटेल असं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. ते सापडत नाही तोवर तिच्याशी काय बोलू? तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर मला सांगा." मी मागे वळून मोठ्याने विचारलं, हा तास कुणाकुणाला आठवतो? ताई, जिन्यापर्यंत हात वर झाले.

ते गप्प का बसायचे हे त्यांनी तुला सांगायला हवं होतं. त्या सगळ्यांना सांगितलं आणि तुला नाही, याचा राग तू जरूर ठेव. मी त्यांची वकिली करत नाही. हे पत्र एवढ्यासाठीच की इंग्रजी मजकूर मी तुझ्याशिवाय अजून कुणालाही पाठवलेला नाही. ती ओळ तशीच आहे. तू परत म्हणालीस तर त्याच क्षणी काढीन, पुन्हा विषय काढणार नाही. पण तुझ्या मुलांनी विचारलं, की हे मोठं कुटुंब कोण, तर सांग, ही ती माणसं, जी त्यांच्या आईला कधी भेटली नाहीत आणि तरी सभागृहाच्या दारात तिची वाट बघत उभी होती.

तुझाच,
धाकटा