रविवारचा वाढदिवस आणि मी एकटाच शहाणा

सौ. वहिनींना, ज्या दिराला तुम्ही सोडून घरात कोणी माणसात धरत नाही त्याचा साष्टांग नमस्कार.

तुमची मान आता कशी आहे? शिलाई मशीनवर वाकून बसू नका असं मी निघताना सांगितलं होतं, पण माझं कोण ऐकतं. दादाचं ब्लडप्रेशर उतरलं असेल अशी आशा आहे. (मी घरातून निघाल्यापासून ते उतरलंच पाहिजे, कारण मी कॉलेज सोडलं तेव्हापासून ते चढलं आहे असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. प्राध्यापकाला त्याची चूक दाखवली म्हणून जिथे माफीनामा लिहून मागतात तिथे मी बसणार नाही, हे त्याला अजून एकदा सांगा.) माझी तब्येत उत्तम आहे. फक्त जेवण जात नाही, झोप येत नाही आणि कोणाचं तोंड बघावंसं वाटत नाही.

तुम्ही तुमच्या मैत्रिणीकडे शब्द टाकून मला या चष्म्याच्या दुकानात चिकटवलंत, त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण ही माणसं कशी आहेत हे तुम्हाला कळायला हवं. मालक दिवसभर एकच काच पुसतात आणि तिच्यातून आमच्याकडे बघतात. मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवणारे काका आहेत. त्यांना मशीनचा आवाज ऐकू येतो, माणसांचा येत नाही. शेजारचा औषधवाला दर तासाला आमच्या आरशात भांग पाडायला येतो. आणि डोळे तपासायला ती आहे, तुमच्या मैत्रिणीची धाकटी बहीण, जिला सगळे नंबरवाली म्हणतात. तिच्याबद्दल मी काही लिहीत नाही. (गेल्या तीन पत्रांत मी तिच्याबद्दलच लिहिलं आहे असं तुम्ही म्हणाल. ती पत्रं दुकानाबद्दल होती, आणि दुकानात ती असते, त्याला माझा इलाज नाही.)

तर तिच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे तुमच्याच मैत्रिणीने, ठरवलं की हिचा रविवारचा वाढदिवस तिला कळू न देता करायचा. फोनवर ग्रुप केला आणि त्याचं नाव ठेवलं ‘गुपचूप वाढदिवस’. वहिनी, मी कपाळाला हात लावला. फोन टेबलावर उताणा पडलेला असतो, मेसेज आला की काचेवर नाव झळकतं, आणि जी बाई लांबून भिंतीवरची सगळ्यात बारीक ओळ वाचते तिला हे वाचता येणार नाही? मग सूत्रं मी हातात घेतली. ग्रुपचं नाव ‘काचेचा स्टॉक’ केलं, कारण त्या नावाचा ग्रुप कोणी उघडूनही बघणार नाही. प्रत्येकाच्या फोनमध्ये जाऊन मेसेजचा मजकूर बाहेर दिसणार नाही अशी सोय केली. केकला ‘मोठी फ्रेम’ म्हणायचं, पाहुण्यांना ‘गिऱ्हाइकं’ आणि ती निघाली की ‘ऑर्डर सुटली’. फोटो टाकायचे नाहीत, कारण ते आपोआप फोनमध्ये उतरतात आणि काका फोनमधले फोटो दाखवायला कोणालाही धरून बसवतात. दुकानातल्या कॉम्प्युटरवर आपले मेसेज उघडे ठेवून जेवायला जायचं नाही (हे मालकांसाठी). आणि मुख्य म्हणजे तिच्यासमोर वाढदिवसाचा विषय टाळायचा नाही. सगळे एकदम गप्प झाले की माणसाला वास येतो. साधं विचारायचं, काय मग, रविवारी काय बेत, आणि तिने काही म्हटलं की आपला चष्मा पुसायचा.

सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे तिला घेऊन येणाऱ्याचं. आतले सगळे अंधारात उभे असतात. बाहेरचा माणूस रस्ताभर तिला बोलण्यात गुंतवतो, आपण कुठे आहोत ते फोनवरून आतल्यांना दिसत राहील असं ठेवतो आणि दारापाशी पोचायच्या आधी खूण करतो. त्यानंतर आलेल्या पाहुण्याने आत यायचं नाही, कोपऱ्यावर मरायचं. हे काम मी मागितलं. का मागितलं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. दोन रस्ते आणि एक बाग ओलांडून थोरलीच्या घरापर्यंत ती आणि मी, दोघंच. जे आजवर काउंटरच्या या बाजूने बोलता आलं नाही ते त्या रस्त्यात बोलून टाकायचं असं मी ठरवलं होतं. थोरलीने एवढा वेळ माझ्याकडे बघितलं की मला वाटलं नाहीच म्हणणार. मग म्हणाली, बरं, रविवारी तूच आण.

आता या लोकांची अक्कल बघा. काकांनी एकदा ग्रुपवर लिहिलं, ‘शनिवारी जिन्यातला दिवा बंद ठेवायचा का?’ आणि लगेच पुसून टाकलं. मी सगळ्यांच्या देखत त्यांना झापलं की काका, वार तरी नीट लिहा, आणि थोरलीच्या घराला जिना कुठे आहे, ती तळमजल्यावर राहते. काका लिहितात, ‘बरं.’ मालक मला बघून फोन पालथा ठेवायचे. मी त्यांना समजावलं की माझ्यापासून नव्हे, तिच्यापासून लपवायचं असतं. औषधवाला केक कोणत्या चवीचा यावर तीन दिवस भांडला. असल्या माणसांना घेऊन एक वाढदिवस गुप्त ठेवायचा, म्हणजे सगळा भार माझ्या एकट्याच्या डोक्यावर.

मी मात्र शेवटपर्यंत एक अक्षर बोललो नाही. गुरुवारी तिने मला तपासणीच्या खुर्चीत बसवलं, तुझे डोळे लाल दिसतात म्हणाली. (झोप नाही, वर लिहिलंच आहे.) हनुवटी त्या पट्टीवर, डोळ्यात उजेड, आणि ती एवढ्या जवळ की मला श्वास कुठे सोडावा ते कळेना. अशा अवस्थेत तिने विचारलं, रविवारी काय आहे? मी म्हटलं, काही नाही. किती वाजता? मी म्हटलं, संध्याकाळी काहीही नाही. ताईच्या घरी का? मी म्हटलं, तुझ्या ताईचं घर मला माहीतही नाही, आणि बागेतून जातात का तेही माहीत नाही. तिने उजेड बंद केला आणि म्हणाली, डोळे ठीक आहेत तुझे. आता सांगा, यात मी काय सांगितलं?

शनिवारी काका पोट दुखतं म्हणून लवकर गेले, मालक त्यांच्या मागोमाग. मी मनात म्हटलं, उद्या एवढं काम आणि आज पळाले. जाताना मालकांनी सांगितलं की आईचा चष्मा सैल झालाय आणि नंबरही बदलल्यासारखा वाटतो, तेव्हा दुकान बंद करून दोघं घरी जाऊन या, ही नंबर बघेल, तू फ्रेम आवळ. मी पेचकस आणि पक्कड पिशवीत घातली. ती डोळ्यात घालायच्या थेंबांचे पिवळे डाग पडलेल्या ॲप्रनमध्येच निघाली. केस कसेतरी वर बांधलेले. चांगला ड्रेस तिने रविवारसाठी इस्त्री करून ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

वाटेत काय बोललो ते आठवत नाही. मागच्या गल्लीत मालकांची स्कूटर आणि तिच्यामागे काकांची सायकल लावलेली दिसली. म्हटलं, हे घ्या, पोटदुखी मालकांच्या घरी बरी होते. जिन्यात अंधार. म्हटलं, एवढा पैसेवाला माणूस पण बल्ब लावत नाही. आणि त्या अंधारात, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, मला वाटलं की उद्याची वाट का बघायची. दारापाशी पोचलो आणि मी म्हटलं,

“थांब जरा. मला तुला काहीतरी सांगायचंय.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “उद्याचं ना?”

“उद्याचं नाही गं. कायमचं.”

आणि दार उघडलं. दिवे, आरडाओरडा, टाळ्या, मालकांची आई नाकावर अगदी घट्ट बसलेल्या चष्म्यातून बघतेय. सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं म्हणाल तर मी. औषधवाल्याने त्याचं शूटिंग केलं आहे. त्यात ती दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी आहे आणि मी पक्कड उगारून.

मग कळलं. ‘काचेचा स्टॉक’ हा ग्रुप माझ्यासाठी होता. खरा ग्रुप दुसराच, त्यात मी सोडून सगळे. मला गुपित सांगितलं तर ते तिला कळणारच, आणि नाही सांगितलं तर मी चौकशा करून कळवणार, म्हणून थोरलीने मला खोटा वार दिला. माझ्या तोंडावरून नंबरवालीने रविवार वाचला आणि शनिवारी ती निर्धास्त राहिली. म्हणजे केकच्या चवीवरून झालेलं ते तीन दिवसांचं भांडण खोटं होतं, वहिनी. काकांचं ‘बरं’सुद्धा खोटं होतं. थोरली सगळ्यांसमोर म्हणाली, “तुझ्याशिवाय हे जमलंच नसतं.” लोक हसले. मी केकला हात लावला नाही. नोकरी सोडली असं मालकांना तिथल्या तिथे सांगितलं (ते म्हणाले, सोमवारी सांग, आता खा) आणि पिशवी उचलून जिना उतरलो.

दुसऱ्या मजल्यावर मागून पावलं आली. ती, तसल्याच ॲप्रनमध्ये, हातात केकची बशी. म्हणाली, उद्याचं नव्हतं तर काय होतं? मी म्हटलं, काही नाही, फ्रेमचा नवा स्टॉक. ती त्या अंधारात पायरीवर बसली आणि म्हणाली,

“तुझ्या पोटात काही राहत नाही, तोंडावर येतं. मला दुकानात पहिल्या दिवशीच दिसलं होतं. आता तू सांगतोस की मी सांगू?”

पुढचं लिहीत नाही. केक बरा होता.

दादाला नमस्कार, छोट्याला पापा.

आपला दीर

ता. क. नंतर थोरलीने मला सांगितलं की खोट्या वाराची युक्ती तिची नव्हे, तुमची. लग्नाआधी दादाला एकदा तुम्ही अशीच खोटी तारीख दिली होती म्हणे. वहिनी, मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तरी वरची शिवीगाळ तुम्हाला लागू नाही.

ता. क. २. आता मुख्य काम. ती म्हणाली आहे की ताईला मी स्वतः, माझ्या वेळेने सांगेन, तोवर कोणाला बोलू नकोस. मी कोणालाही बोललो नाही, फक्त काकांना सांगितलं, कारण मशीन चालू होतं. पण ते नेमकं तेव्हा बंद पडलं आणि औषधवाला आरशासमोर होता. तेव्हा तुम्ही आजच थोरलीला फोन करा आणि बोलता बोलता सांगा की आमचा दीर त्या औषधवाल्याच्या बहिणीवर भाळलाय. तुमचं ती खरं मानते. तेवढ्याने महिनाभर निभेल.

ता. क. ३. हे पत्र वाचून फाडून टाका आणि दादाला काही कळू देऊ नका. त्याला मी सविस्तर वेगळं लिहिलं आहे.